आकडा तोच, खात्री वेगळी: मुलांच्या उंचीच्या मॉडेलमध्ये रँडम स्लोप

प्रश्न: माझ्याकडे ६० मुलांच्या उंचीची मोजमापं आहेत, प्रत्येकाची आठ-नऊ वेळा घेतलेली. ३०-३० चे दोन गट आहेत आणि वाढीच्या वेगात गटांमध्ये फरक आहे का, हे पाहायचं आहे. फक्त रँडम इंटरसेप्ट घेतला तर फरक वर्षाला ०.५ सेंमी, स्टँडर्ड एरर ०.१८, पी-व्हॅल्यू ०.०१ च्या आत. मार्गदर्शक म्हणाले म्हणून रँडम स्लोप टाकला, तर फरक तोच ०.५, पण एरर ०.४५ आणि पी-व्हॅल्यू ०.२७. आकडा बदलतच नाही, नुसता एरर वाढतो, मग मॉडेल सुधारलं की बिघडलं? कोणतं छापू?

उत्तर: दुसरं छापा. पहिल्या मॉडेलमधली ती ०.०१ च्या आतली पी-व्हॅल्यू तुमच्या मुलांनी दिलेली नाही, मॉडेलनं गृहीत धरलेल्या एका गोष्टीनं दिली आहे, आणि ती गोष्ट उंचीच्या बाबतीत जवळजवळ कधीच खरी नसते. पण "मार्गदर्शक म्हणाले म्हणून" हे कारण शोधनिबंधात चालत नाही, त्यामुळे हे नेमकं कुठून येतं ते आकडे मांडूनच बघू.

तुमचा डेटा माझ्याकडे नाही. मी उदाहरण घेतो ते R मधल्या `nlme` पॅकेजबरोबर येणाऱ्या `Oxboys` चं, म्हणजे तुम्हालाही प्रत्येक आकडा पडताळून बघता येईल. ऑक्सफर्डमधले २६ मुलगे, प्रत्येकाची उंची नऊ वेळा मोजलेली, एकूण २३४ नोंदी. वयाचा रकाना मध्याभोवती आणलेला आहे आणि साधारण −१ ते +१ असा जातो. पॅकेजच्या माहितीत ते वय एककरहित म्हटलं आहे, म्हणून मी खाली "वयाच्या एका एककाला इतके सेंमी" असंच म्हणेन, "वर्षाला" म्हणणार नाही.

```r
library(nlme)
m1 <- lme(height ~ age, random = ~ 1   | Subject, data = Oxboys)
m2 <- lme(height ~ age, random = ~ age | Subject, data = Oxboys)
summary(m1); summary(m2)
```

`m1` म्हणजे फक्त रँडम इंटरसेप्टचं मॉडेल, `m2` म्हणजे रँडम स्लोपचं. `m1` काय म्हणतं ते आधी शब्दांत बघा. प्रत्येक मुलगा उंच किंवा बुटका असू शकतो, पण सगळे एकाच वेगानं वाढतात. कागदावर काढलं तर २६ समांतर रेषा, फक्त वर-खाली सरकवलेल्या. एखाद्या मुलाची मोजमापं त्याच्या समांतर रेषेवर बसली नाहीत, तर तो निव्वळ मोजमापातला गोंधळ, आणि प्रत्येक मोजणीचा गोंधळ बाकीच्यांपासून स्वतंत्र. `m2` म्हणतं की प्रत्येक मुलाची उंचीही वेगळी आणि वेगही वेगळा. एवढाच फरक. बाकी सगळं यातूनच निघतं.

`m2` चे आकडे असे येतात. मधल्या वयाला सरासरी उंची १४९.३७ सेंमी, सरासरी वेग एककाला ६.५३ सेंमी. मुलामुलांमधल्या उंचीचं प्रमाण विचलन ८.०८, वेगाचं १.६८, या दोहोंतला सहसंबंध ०.६४, आणि उरलेला गोंधळ, म्हणजे रेसिड्युअलचं प्रमाण विचलन, ०.६६ सेंमी. `m1` मध्ये वेगाचा सरासरी आकडा जवळपास तोच राहतो, पण रेसिड्युअल फुगून साधारण १.३१ होतो. मुलांच्या वेगांतला जो फरक `m2` नं स्वतंत्र खात्यात टाकला, तो `m1` नं "गोंधळ" या खात्यात कोंबला. आता या वेगाच्या स्टँडर्ड एररचं काय होतं ते बघू, कारण तुमची अडचण तिथेच आहे.

डेटा इतका नीटस आहे की हा हिशोब हातानं होतो. एका मुलाच्या नऊ वयांचा वर्गविस्तार, म्हणजे प्रत्येक वय वजा सरासरी, त्याचा वर्ग आणि सगळ्यांची बेरीज, जवळपास ३.७५ येतो. `m1` च्या मते २६ मुलांची मिळून माहिती २६ × ३.७५ = ९७.५. मग वेगाचा एरर झाला १.३१ भागिले √९७.५, म्हणजे ०.१३. `m2` चं गणित वेगळं आहे:

```
SE = sqrt( (tau1^2 + sigma^2 / Sxx) / m )
   = sqrt( (2.825 + 0.4355 / 3.75) / 26 )
   = sqrt( 2.941 / 26 )
   = 0.336
```

इथे `tau1` हे मुलांच्या वेगांचं प्रमाण विचलन, `sigma` हा रेसिड्युअल, `Sxx` म्हणजे आपला ३.७५ आणि `m` ही मुलांची संख्या. `summary(m2)` मध्ये ०.३३६३ छापून येतो, अगदी हाच. म्हणजे ०.१३ चा ०.३४ झाला, अडीचपट. तुमच्या ०.१८ आणि ०.४५ मधलं गुणोत्तरही अडीचच आहे.

कंसातल्या दोन पदांकडे नीट बघा, सगळं गुपित तिथे आहे. २.८२५ हा मुलामुलांमधल्या वेगातला खरा फरक. ०.१२ हा प्रत्येक मुलाचा वेग नऊ मोजणींवरून काढताना झालेला अंदाजाचा गोंधळ. दुसरं पद पहिल्यापुढे नगण्य आहे. समजा याच मुलांची नऊऐवजी नव्वद वेळा उंची घेतली. दुसरं पद शून्याकडे जाईल, पण एरर ०.३३६ वरून फार तर ०.३३० पर्यंत उतरेल, कारण १.६८ भागिले √२६ हा त्याचा तळ आहे. त्याखाली जायचं तर जास्त मुलं लागतात. `m1` ला हा तळ माहीतच नाही. त्याच्या हिशोबात प्रत्येक नवी मोजणी ही सरासरी वेगाबद्दलची ताजी, स्वतंत्र साक्ष आहे, म्हणून मोजण्या वाढवत गेलात तर एरर शून्याकडे घसरत राहतो. २६ मुलांना वारंवार फूटपट्टीला उभं करून जगातल्या सगळ्या मुलांचा सरासरी वेग हवा तेवढा अचूक कळणार असेल, तर आपण सगळ्यांनी एकच मूल मोजत बसावं.

इथे एक गोष्ट मला नेहमी गंमतीची वाटते. रँडम काहीच न घेता साधं रिग्रेशन केलं तर वेगाचा एरर येतो सुमारे ०.८२. ते मॉडेल उंच-बुटक्या मुलांमधला सगळा फरक गोंधळात मोजतं, त्यामुळे वेगाबद्दल गरजेपेक्षा जास्त साशंक असतं. रँडम इंटरसेप्ट टाकला की तो फरक बाजूला होतो आणि एरर ०.८२ वरून एकदम ०.१३ वर कोसळतो. रँडम स्लोप टाकला की ०.३४ वर येऊन थांबतो. बहुतेक जण पहिली उडी बघून खूश होतात: "वारंवार मोजमापांचा हिशोब घेतला, झालं." खरं तर इंटरसेप्टनं अर्धाच हिशोब घेतलेला असतो. सरासरी *उंचीचा* एरर बघितलात तर तो दोन्ही मॉडेलांत १.५९ च्या आसपासच येतो. म्हणून तुमचा प्रश्न "कोणता गट उंच?" असा असता तर इंटरसेप्ट पुरला असता. तुमचा प्रश्न "कोणता गट जास्त वेगानं वाढतो?" असा आहे, आणि वेगाच्या प्रश्नाला वेगातला फरक मोजणारंच मॉडेल लागतं.

आता तुमच्यासारखी दोन गटांची परिस्थिती या डेटावर मुद्दाम तयार करू. २६ मुलांना चिठ्ठ्या टाकून १३-१३ मध्ये वाटायचं. गट निव्वळ चिठ्ठीनं पडलेत, त्यामुळे गटांच्या वेगात खरा फरक काहीच नाही. प्रामाणिक चाचणीनं शंभरात पाच वेळाच "फरक आहे" म्हणायला हवं. `m1` च्या हिशोबात दोन गटांच्या वेगांतल्या फरकाचा एरर साधारण ०.२७, म्हणजे फरक ०.५२ च्या वर गेला की तो सिग्निफिकंट. पण चिठ्ठ्या टाकताना हा फरक प्रत्यक्षात जेवढा हेलकावतो ते प्रमाण विचलन आहे √(२ × २.९४१ / १३) = ०.६७. ०.५२ ची सीमा त्यापुढे पाऊण प्रमाण विचलनावर येते. इतका फरक निव्वळ नशिबानं ओलांडला जाण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या आसपास. पाच नव्हे, चव्वेचाळीस. विश्वास बसत नसेल तर चालवून बघा:

```r
ids <- levels(Oxboys$Subject)
p <- replicate(500, {
  g <- sample(rep(0:1, 13)); names(g) <- ids
  d <- as.data.frame(Oxboys)
  d$g <- g[as.character(d$Subject)]
  m <- lme(height ~ age * g, random = ~ 1 | Subject, data = d)
  summary(m)$tTable["age:g", "p-value"]
})
mean(p < 0.05)
```

नंतर `random = ~ age | Subject` करून पुन्हा चालवा, उत्तर पाच टक्क्यांच्या जवळ येईल. हाच खेळ तुमच्या ६० मुलांच्या डेटावर करा: खरे गट पुसून टाका, चिठ्ठ्या टाका, आणि इंटरसेप्टचं मॉडेल किती वेळा खोटी आरोळी ठोकतं ते मोजा. परीक्षकांना पटवायला यापेक्षा चांगला तक्ता मला माहीत नाही, कारण तो त्यांच्या ओळखीच्या मुलांवर, तुमच्याच डेटावर बनलेला असतो.

मॉडेलांवर विश्वासच नसणारे सहकारी असतात. त्यांच्यासाठी अजून एक जुनी, साधी वाट आहे. प्रत्येक मुलाची वेगळी सरळ रेषा काढा, २६ वेग मिळवा, आणि त्या २६ आकड्यांवर शाळकरी सांख्यिकी लावा.

```r
b <- coef(lmList(height ~ age | Subject, data = Oxboys))$age
mean(b); sd(b) / sqrt(26)
```

एरर पुन्हा ०.३४ च्या आसपास. तुमच्याकडे गट असल्यामुळे या वेगांवर नेहमीची दोन गटांची टी-चाचणी लावायची. रँडम स्लोपचं मॉडेल मुळात हेच करतं. फक्त कुणाची नऊ मोजमापं, कुणाची पाच, अशी स्थिती असेल तर कोणाच्या वेगाला किती मान द्यायचा हे ते नीट ठरवतं. दोन्ही उत्तरं एकमेकांपासून फार दूर गेली तर मी आधी डेटा तपासतो. बहुतेकदा एखाद्या मुलाची उंची सेंमीऐवजी इंचात लिहिलेली सापडते. जाता जाता: `lme` या वेगाला २०७ डिग्रीज ऑफ फ्रीडम देतं, तेही रँडम स्लोप असताना. २६ मुलांच्या वेगांवर उभ्या असलेल्या आकड्याला २५ हवेत. इथे टी १९ च्या वर असल्यानं काही बिघडत नाही, पण लहान नमुन्यात काठावरच्या पी-व्हॅल्यूसाठी `lmerTest` ची सॅटरथ्वेट पद्धत वापरणं शहाणपणाचं.

इंटरसेप्टचं मॉडेल चुकतंय हे पी-व्हॅल्यूच्या आधी डोळ्यांना दिसतं. `m1` चे रेसिड्युअल घ्या आणि प्रत्येक मुलाचे वयासमोर वेगळ्या चौकटीत काढा. गोंधळ खरोखर गोंधळ असेल तर ठिपके शून्याच्या वर-खाली विखुरलेले दिसतील. दिसतं काय? भरभर वाढणाऱ्या मुलाचे ठिपके डावीकडे खाली सुरू होऊन उजवीकडे वर चढतात, सावकाश वाढणाऱ्याचे उलट. सगळ्या मुलांचे एकावर एक ठेवले तर मधल्या वयाला घट्ट आणि दोन्ही टोकांना उघडलेली कात्री तयार होते. ज्याचा वेग सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी जास्त आहे, तो `m1` च्या रेषेपासून पहिल्या मोजणीला सुमारे ३.४ सेंमी खाली आणि शेवटच्या मोजणीला तितकाच वर असतो. उंची मोजण्यात साडेतीन सेंमीची चूक, तीही नऊ वेळा शिस्तीनं एकाच दिशेनं सरकत जाणारी, कुठलीही फूटपट्टी करत नाही.

दुसरी खूण त्याहून सोपी आहे. प्रत्येक मोजणीच्या वेळचं उंचीचं प्रमाण विचलन काढा. `m1` प्रमाणे ते सगळ्या वयांना सारखंच असायला हवं. `m2` प्रमाणे ते वयाबरोबर बदलतं. खाली त्याचा वर्ग, म्हणजे व्हेरिअन्स, मांडला आहे; `t` हे वय, `tau0` हे मुलांच्या उंचीचं प्रमाण विचलन आणि `tau01` हा उंची आणि वेगातला सहव्हेरिअन्स:

```
Var(t) = tau0^2 + 2*tau01*t + tau1^2 * t^2 + sigma^2
```

आकडे घातले की −१ ला ७.१५ सेंमी, मध्याला ८.१, +१ ला ९.३. मुलं मोठी होताना त्यांच्या उंचीतला पसारा वाढत जातो, आणि वर्षानुवर्षं मुलं मोजणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. जवळच्या दोन मोजणींमधला सहसंबंध `m2` मध्ये ०.९९, तर पहिल्या आणि शेवटच्या मोजणीमधला ०.९४. `m1` कोणत्याही दोन मोजणींमध्ये एकच ठरलेला सहसंबंध देतं, इथे ०.९७. ०.९४ आणि ०.९९ मधला फरक किरकोळ वाटतो, पण एरर अडीचपट करायला एवढाच पुरला.

आता सहसंबंधाबद्दल, कारण इथे भली भली माणसं घसरतात. `m2` मधला उंची आणि वेगातला ०.६४ हा आकडा "उंच मुलं भराभर वाढतात" असं सांगतो असं लोक लिहितात. तो सांगतो फक्त एवढंच: वय शून्य जिथे ठेवलंय *तिथे* उंच असलेली मुलं भराभर वाढतात. शून्य सरकवला की आकडाही सरकतो. वयाचा शून्य पहिल्या मोजणीवर नेलात तर हाच सहसंबंध ०.४९ होतो आणि इंटरसेप्टचं प्रमाण विचलन ७.१, शेवटच्या मोजणीवर नेलात तर ०.७४ आणि ९.२. मागे सुमारे −३.१ पर्यंत नेलात तर चक्क शून्य. मॉडेल तेच, लाइकलीहूड तीच, भाकितं तीच. फक्त रेषा कोणत्या उभ्या काठीजवळ कापून बघतोय ते बदललं. म्हणून वय मध्याभोवती आणा, शून्य कुठे आहे ते तक्त्याखाली लिहा, आणि सहसंबंधाचा अर्थ त्या वयापुरताच सांगा.

याच कारणानं `lme4` मधली दुहेरी रेघ, `(age || id)`, मला उंचीच्या मॉडेलमध्ये नको वाटते. ती सहसंबंध जबरदस्तीनं शून्य करते. शून्य कुठल्या वयाला आहे यावर तो आग्रह अवलंबून असल्यामुळे, वय महिन्यांत जन्मापासून मोजलं की एक मॉडेल आणि मध्याभोवती मोजलं की दुसरं मॉडेल मिळतं. एकाच डेटाची, एकाच रेषेची दोन वेगळी उत्तरं. इंटरसेप्ट आणि स्लोप दोन्ही असतील तर त्यांना एकमेकांशी बोलू द्या.

```r
library(lmerTest)
fit <- lmer(height ~ age_c * group + (age_c | id), data = d)
```

स्लोप ठेवायचा की नाही हे `anova(m1, m2)` वर ठरवू का, असं तुम्ही विचाराल. करा, पण त्याची पी-व्हॅल्यू थोडी कंजूष असते हे लक्षात ठेवा. व्हेरिअन्स शून्याखाली जाऊ शकत नाही, त्यामुळे "व्हेरिअन्स शून्य आहे" हे गृहीतक आपल्या परवानगीच्या काठावर बसलेलं असतं, आणि नेहमीचा दोन डिग्रीचा काय-वर्ग इथे चुकतो. एक आणि दोन डिग्रीच्या काय-वर्गांचं अर्धं-अर्धं मिश्रण योग्य. `Oxboys` मध्ये `anova` नं छापलेला लाइकलीहूड रेशो दोनशेच्या वर असल्यामुळे कुठलाही तक्ता वापरला तरी निकाल तोच. पण समजा तुमच्याकडे ती पी-व्हॅल्यू ०.०८ आली. मग "स्लोप सिग्निफिकंट नाही" म्हणत तो काढून टाकायचा आणि लगेच गटांच्या वेगांची तुलना इंटरसेप्टच्या एररनं करायची, याला माझा ठाम विरोध आहे. मुलं कमी असली की स्लोपचा व्हेरिअन्स सिद्ध करणं अवघड असतं; सिद्ध झाला नाही म्हणजे तो नाही असं नव्हे. ज्या प्रश्नाचा मुख्य आकडा वेगातला फरक आहे, तिथे रँडम स्लोप आराखड्यातच आधी लिहून ठेवायचा.

तो कधी घेताच येत नाही, तेही सांगतो. प्रत्येक मुलाची दोनच मोजमापं असतील आणि ती सगळ्यांची एकाच वयाला झाली असतील, तर डेटातून दोन व्हेरिअन्स आणि एक सहव्हेरिअन्स मिळतात, तीन आकडे. मॉडेलला हवेत चार: इंटरसेप्टचा, स्लोपचा, त्यांच्यातला आणि रेसिड्युअलचा. तीन समीकरणांत चार अज्ञातं सुटत नाहीत. अशा वेळी सरळ दोन उंचींमधला फरक घ्या आणि त्यावर टी-चाचणी लावा. वेगातला मुलामुलांमधला फरक त्यात आपोआप येतो. तीन मोजमापं, तीही घाईघाईत घेतलेली, असतील तर मॉडेल बसतं पण डगमगतं. `Oxboys` च्याच आकड्यांवर बघा: मोजण्या −०.२५, ० आणि ०.२५ ला घेतल्या असत्या तर वर्गविस्तार ३.७५ ऐवजी ०.१२५ झाला असता. एका मुलाच्या स्वतःच्या रेषेवरून काढलेल्या वेगाची विश्वासार्हता तेव्हा ०.४५, नऊ मोजणींत ती ०.९६ आहे. अशा डेटावर `lmer` बऱ्याचदा म्हणतो:

```
boundary (singular) fit: see help('isSingular')
```

घाबरून लगेच स्लोप काढू नका. आधी वय मध्याभोवती आणलं आहे का, दिवसांत मोजलं असेल तर वर्षांत केलं आहे का, एखाद्या मुलाची नोंद दुसऱ्याच्या नावावर गेली आहे का, ते बघा. सहसंबंध १ ला चिकटला असेल तर बहुतेकदा मुलं कमी किंवा मोजण्यांचा कालावधी तोकडा, हेच कारण निघतं. हे सगळं तपासूनही तो संदेश राहिला, तर मी वर सांगितलेली दोन टप्प्यांची वाट धरतो: प्रत्येकाचा वेग, मग टी-चाचणी. एरर प्रामाणिक राहतो.

एक मर्यादा मात्र रँडम स्लोपही झाकू शकत नाही. सरळ रेषा. `Oxboys` सारख्या छोट्या कालखंडात ती बऱ्यापैकी चालते, पण मोजण्या पाच-सहा वर्षांवर पसरल्या आणि त्यात वयात येतानाची झेप आली, तर मुलांमधला मुख्य फरक वेगाचा राहत नाही, *वेळेचा* होतो. एकाची झेप अकराव्या वर्षी, दुसऱ्याची चौदाव्या. सरळ रेषेचं मॉडेल तो वेळेतला फरक वेगाच्या व्हेरिअन्समध्ये ढकलतं आणि उरलेला रेसिड्युअलमध्ये. दिसण्यात मॉडेल ठीक असतं, पण "मंद वाढणारा" म्हणून ज्याच्यावर शिक्का बसतो, तो मुलगा फक्त उशिरा सुरू होणारा असतो. ओळखायचं कसं? `m2` चे रेसिड्युअल मुलानुसार काढा. आता तिरके नसतील, पण काही मुलांत हसऱ्या आणि काही मुलांत उलट्या वाटीसारखे वाकलेले दिसले तर सरळ रेषा पुरत नाही. कालखंड छोटा असेल तर वयाचा वर्ग टाका, स्थिर भागात आणि मुलं पुरेशी असतील तर रँडम भागातही. झेप पूर्ण सामावणारा डेटा असेल तर `sitar` पॅकेज बघा. ते प्रत्येक मुलाला आकार, वेळ आणि वेगाचा जोर असे तीन वेगळे फरक देतं, आणि पौगंडावस्थेतल्या उंचीला ते सरळ रेषेपेक्षा खूपच जास्त मानवतं.

तुमच्या तक्त्यात काय छापायचं? ०.५ सेंमीचा फरक, एरर ०.४५, ९५ टक्के अंतर साधारण −०.४ ते १.४ सेंमी. शेजारी मुलांच्या वेगांचं प्रमाण विचलन, जे तुमच्या एररवरून उलट हिशोब केला तर पावणेदोनच्या आसपास यायला हवं. "फरक नाही" असं लिहू नका; वर्षाला १.४ सेंमीपर्यंतचा फरक तुमचा डेटा नाकारत नाही, आणि शून्यही नाकारत नाही. कुणी विचारलं की ०.५ चा फरक खरोखर असेल तर तो पकडायला काय लागलं असतं, तर याच आकड्यांवरून उत्तर येतं: ८० टक्के शक्यतेनं पकडायचा तर एरर ०.१८ वर आणावा लागतो, आणि त्यासाठी दर गटात ३० नव्हे, सुमारे १९० मुलं. त्याच ६० मुलांना आणखी दहा वेळा मोजून तो खाली येणार नाही.

गंमत म्हणजे ०.१८ हाच एरर तुमच्या पहिल्या मॉडेलनं ६० मुलांत दाखवला होता.